‘अपेक्षित’ चलनवाढ आणि दोन प्रकारचं सरकणं

*‘अपेक्षित चलनवाढ वाढली की फिलिप्स वक्र सरकतो’ असं नोट्समध्ये आहे. पण चलनवाढ कुणाला अपेक्षित असते? आणि बेरोजगारी कमी झाली की आपण वक्रावर सरकतोच ना, मग दोन्हीकडे ‘सरकणे’ कसं? पेपरात काय लिहायचं?*

मराठीत ‘अपेक्षा’ला आशेचा वास आहे. ‘तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती’ म्हणताना आपण अंदाज चुकल्याचं सांगत नसतो, मन दुखावल्याचं सांगत असतो. अर्थशास्त्रात मात्र या शब्दातली इच्छा गळून जाते आणि नुसता अंदाज उरतो. पुढच्या वर्षी भाव किती टक्क्यांनी वाढतील असं लोक धरून चालतात, तो आकडा म्हणजे अपेक्षित चलनवाढ. मला स्वतःला ‘धरून चाललेली चलनवाढ’ जास्त नेमकं वाटतं, पण परीक्षेत रूढ शब्दच वापरा आणि पहिल्यांदा येईल तिथे अर्ध्या ओळीत अर्थ सांगा. रिझर्व्ह बँक मुंबईसह अनेक शहरांत घरोघरी जाऊन हाच अंदाज विचारते.

आता सरकणं. फिलिप्स वक्र म्हणजे बेरोजगारी कमी तेव्हा चलनवाढ जास्त, हे दाखवणारी उतरती रेघ. इथे सगळा फरक एका प्रत्ययाचा आहे. ‘वक्रावर सरकणे’ यात वक्र जागेवर असतो आणि बिंदू हलतो. ‘वक्र सरकणे’ यात रेघच उचलून दुसरीकडे ठेवली जाते. मागणीच्या धड्यात विस्तार-संकोच आणि वृद्धी-ऱ्हास अशा वेगळ्या जोड्या आहेत, त्यामुळे तिथे घोटाळा होत नाही. इथे तशी सोय नाही, म्हणून दुसऱ्यासाठी ‘वक्राचे स्थलांतर’ लिहावं.

आकडे घेऊन बघू. नैसर्गिक बेरोजगारी, म्हणजे लोकांचा अंदाज खरा ठरतो तेव्हा असणारी बेरोजगारी, 5 टक्के धरा आणि सूत्र सोपं ठेवा:

π = πᵉ − (u − 5)

इथे π ही प्रत्यक्ष चलनवाढ, πᵉ अपेक्षित आणि u बेरोजगारी. सगळे 2 टक्के चलनवाढ धरून चालले आहेत आणि वर्षभराचे पगाराचे करार त्याच हिशेबाने झाले आहेत. बेरोजगारी 5, चलनवाढ 2. मग सरकारने खर्च वाढवला आणि भाव 4 टक्क्यांनी चढले. करार तर 2 टक्क्यांच्या अंदाजावर झालेला, म्हणजे मालकाला मजूर खऱ्या अर्थाने स्वस्त पडला. त्याने भरती वाढवली, बेरोजगारी 3 वर आली. हे वक्रावर सरकणं.

पुढच्या वर्षी करारासाठी बसताना कामगार 4 टक्के धरूनच बोलतात. πᵉ आता 4. बेरोजगारी परत 5 वर जाते, पण चलनवाढ 4 वरच राहते. बेरोजगारी 3 वर टिकवायचीच असेल तर आता 6 टक्के चलनवाढ सोसावी लागेल. हे वक्राचं स्थलांतर, आणि ते अपेक्षा जितकी वाढली बरोबर तितकंच, म्हणजे 2 टक्क्यांनी वर. काही जण ‘उजवीकडे’ लिहितात. उतरत्या रेघेला ते चूक नाही, पण वाचणाऱ्याला नैसर्गिक बेरोजगारीच वाढली असं वाटू शकतं. म्हणून ‘वर’ लिहा.

फिलिप्स यांनी 1958 साली ब्रिटनमधल्या मजुरीच्या वाढीचा आणि बेरोजगारीचा संबंध मांडला तेव्हा अपेक्षेचा हा भाग त्यात नव्हता. तो फेल्प्स आणि फ्रीडमन यांनी 1967-68 मध्ये आणला, आणि लगेचच अमेरिकेत त्याची प्रचीती आली. 1969 मध्ये तिथे बेरोजगारी 3.5 टक्के आणि चलनवाढ साधारण 5.5 होती. 1975 मध्ये बेरोजगारी 8.5 आणि चलनवाढ 9 च्या वर. हे दोन बिंदू एका उतरत्या रेघेवर बसवून दाखवा, बसत नाहीत.

पेपरात आकृतीच्या आडव्या अक्षावर बेरोजगारी आणि उभ्या अक्षावर चलनवाढ घ्या. प्रत्येक वक्राशेजारी πᵉ ची किंमत लिहा, बरेच जण नेमकी तीच विसरतात. मग तीन बिंदू क्रमाने दाखवा: (5, 2), (3, 4), (5, 4). पहिला आणि तिसरा जोडणारी उभी रेघ हाच दीर्घकालीन वक्र. चित्राखाली करारांचं कारण आलंच पाहिजे, त्याशिवाय उत्तर म्हणजे नुसत्या रेघा. ‘अपेक्षा वाढली म्हणून बेरोजगारी घटली’ असं कधीही लिहू नका. बेरोजगारी घटते ती प्रत्यक्ष चलनवाढ अपेक्षेच्या पुढे गेल्यामुळे.

जागा उरली तर तेलाचा उल्लेख करा. 1973 च्या अखेरीस तेल भडकलं, आणि उत्पादनखर्चाचा असा धक्काही वक्राला वर ढकलतो. 1975 चा सगळा दोष अपेक्षेच्या माथी मारता येत नाही.