मकर राशीचा सातवा गुरू आणि तिसऱ्या घरातला शनी

प्रश्न: माझी रास मकर. 2 जूनपासून गुरू सातवा आलाय, आता लग्न जमेल असं घरचे म्हणतात. पण एका गुरुजींनी पत्रिका न बघताच सांगितलं की गुरूला वेध आहे, काही उपयोग नाही. वेध म्हणजे समोरच्या घरातला ग्रह ना? माझ्या तर समोर कोणीच नाही.

उत्तर:

वेध म्हणजे शुभ स्थानातल्या ग्रहाचं फळ दुसऱ्या एका ठरावीक घरात बसलेल्या ग्रहाने अडवणं. समोरच्या घरातलाच ग्रह वेध करतो हा समज खूप लोकांचा असतो, आणि तो येतो रवीवरून. रवीच्या जोड्या खरंच समोरासमोरच्या आहेत, तिसऱ्याला नववं, सहाव्याला बारावं, दहाव्याला चौथं, अकराव्याला पाचवं. मोजून बघा, प्रत्येक वेळी सातवं घरच येतं. पण बाकीच्या ग्रहांना हा नियम लागत नाही. त्यांचं शुभ स्थान आणि त्याचं वेधस्थान ही जोडी ठरलेली आहे, ती पाठच करावी लागते. गुरूची सांगतो: दुसऱ्याला बारावं, पाचव्याला चौथं, सातव्याला तिसरं, नवव्याला दहावं, अकराव्याला आठवं. यात एकही जोडी समोरासमोरची नाही.

आता तुमचंच घ्या. मी गिरगावात ज्यांच्याकडे शिकलो ते पाटावर खडूने बारा घरं काढायचे आणि ग्रहांच्या जागी सुपाऱ्या ठेवायचे, तसं डोळ्यासमोर आणा. मोजायला सुरुवात स्वतःच्या राशीपासून, म्हणजे मकर एक, कुंभ दोन, मीन तीन. (पुष्कळ जण कुंभेला एक धरतात आणि मग सगळंच एक घर चुकतं.) असं मोजत गेलं की कर्क सातवी, तिथे गुरूची सुपारी. सातव्याचं वेधस्थान तिसरं, म्हणजे मीन, आणि मीनेत कोण बसलाय, तर शनी, 29 मार्च 2025 पासून. म्हणजे तुमच्या गुरुजींनी वेध सांगितला तो बरोबर आहे. गेल्या वर्षी 18 ऑक्टोबर ते 5 डिसेंबर गुरू अतिचारी होऊन, म्हणजे नेहमीपेक्षा वेगाने चालून, कर्केत येऊन गेला तेव्हाही हाच वेध होता, त्या दीड महिन्यात एखादं स्थळ जवळपास ठरून मागे पडलं असेल तर आठवून बघा.

वेध आणि दृष्टी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे पण इथेच दिसतं. मीनेतल्या शनीची दृष्टी त्याच्यापासून तिसऱ्या, सातव्या, दहाव्या घरावर, म्हणजे वृषभ, कन्या आणि धनूवर. कर्केवर ती पडतच नाही, तरी वेध आहे. आणि उलट, कर्केतला गुरू सातव्या दृष्टीने तुमच्या मकरेकडे बघतोय आणि नवव्या दृष्टीने मीनेतल्या शनीकडेही. वेधाने ही दृष्टी जात नाही. म्हणून "काही उपयोग नाही" हे गुरुजींचं वाक्य मला पटत नाही. वेधाचा अर्थ इतकाच की सातव्या गुरूचं जे गोचर फळ, म्हणजे सध्याच्या भ्रमणाचं फळ, शास्त्रात सांगितलंय ते अडून राहतं. त्याने गुरू वाईट फळ द्यायला लागत नाही, आणि लग्न होणार की नाही हे तर दशा आणि मूळ पत्रिकेतलं सप्तम स्थान बघितल्याशिवाय कोणीच सांगू नये. शिवाय कर्केत गुरू उच्चीचा आहे, तो अडला तरी अगदी कोरडा जात नाही असं माझं मत आहे, सगळे ज्योतिषी हे मानत नाहीत.

वेध किती टिकणार हे बघायचं ते वेध करणारा ग्रह किती वेगाने चालतो त्यावरून. चंद्राने केला तर सव्वादोन दिवस, कोणाच्या लक्षातही येत नाही. डोंबिवलीच्या माझ्या मावसभावाचं सांगतो, त्याचीही मकर रास, साडेसाती संपून शनी तिसरा आला म्हणून खुशीत होता. शनीच्या तिसऱ्याला वेधस्थान बारावं, त्याच्यासाठी धनू. 7 डिसेंबरला मंगळ धनूत गेला, मागून शुक्र आणि बुधही आले, आणि इकडे फ्लॅटचं ॲग्रीमेंट सोसायटीच्या एनओसीपाशी येऊन अडकलं, रोज अंधेरीहून ऑफिस सुटल्यावर लोकलमधून मला फोन, दादा कधी सुटणार. मी त्याला म्हटलं 17 जानेवारीपर्यंत धनू रिकामी होतेय तोवर थांब, आणि रजिस्ट्रेशन जानेवारीच्या शेवटी झालं. एका उदाहरणाने काही सिद्ध होत नाही, त्याच महिन्यात मकरेच्याच एका बाईंची कामं सुरळीत झालेलीही मी बघितली आहेत, त्यांची दशा चांगली चालू होती. यात अजून एक बघण्यासारखं, रवीसुद्धा तेव्हा महिनाभर धनूतच होता, पण तो मी मोजला नाही, कारण रवी आणि शनी बाप-लेक, त्यांचा एकमेकांना वेध नसतो. तसंच चंद्र आणि बुधाचं. ऑनलाइन बरेच जण हा अपवाद विसरतात आणि उगाच महिनाभर माणसाला घाबरवतात.

तुमचा वेध मात्र शनीचा आहे, म्हणजे लांबचा. 31 ऑक्टोबरला गुरू सिंहेत जाईल, तो तुम्हाला आठवा, तेव्हा वेधाचा प्रश्न राहणार नाही पण गुरूही शुभ राहणार नाही. 2027 च्या जानेवारीत शेवटच्या आठवड्यात तो वक्री होऊन परत कर्केत येईल आणि शनी मीनेतच असल्यामुळे पुन्हा तोच वेध. शनी मेषेत जातो 3 जून 2027 च्या आसपास आणि गुरू कर्क सोडतो 26 जूनच्या सुमारास. म्हणजे या सगळ्या फेरीत सातवा गुरू शनीच्या वेधाशिवाय तुम्हाला मिळतो तो फक्त तीनेक आठवडे. पंचांगापंचांगात एखादा दिवस पुढेमागे होतो, म्हणून जे घरात असेल त्यात खात्री करून घ्या. तोवर स्थळं बघणं थांबवू नका, गोचर हा दशेला जोर देणारा भाग आहे, दशा लग्नाची असेल तर ते या काळातही ठरू शकतं.

आणि एक नक्की तपासा, तुम्ही मकर म्हणताय ती चंद्ररास आहे ना? हे सगळे वेध चंद्ररास धरून मोजतात, लग्नरास धरली तर हिशोबच वेगळा होतो. नक्षत्र उत्तराषाढा असेल तर चरण बघा, पहिला चरण धनूत येतो आणि मग गुरू सातवा नसून आठवा. धनिष्ठा असेल तर शेवटचे दोन चरण कुंभेचे, तिथून गुरू सहावा. दोन्हीकडे गुरू शुभ स्थानीच नाही, मग शनीच्या या वेधाचा विषयच येत नाही. जन्मवेळ आणि नक्षत्राचा चरण खाली कमेंटमध्ये टाका, बघून सांगतो.