परदेशातल्या ऑफिसात 'कल्चर डे'ला साडी नेसून अवघडल्यासारखं वाटू नये म्हणून काय करावं?

प्रश्न: मी नेदरलँड्समध्ये नोकरी करते. २१ मेला ऑफिसात कल्चर डे आहे. माझ्या टीममध्ये मी एकटीच मराठी आहे. साडी नेसायची फार इच्छा आहे, पण दिवसभर सगळ्यांत विचित्र दिसेन आणि अवघडून बसेन अशी भीती वाटते. नऊवारी नेसू, पैठणी नेसू की सरळ कुर्ता घालू?

उत्तर:

साडीच नेसा, पण नऊवारी नको आणि पैठणीही नको. मी तुम्हाला सुती इरकल सुचवेन.

तिथले लोक कल्चर डेला कसे येतात ते आधी डोळ्यांसमोर आणा. बहुतेक डच सहकारी रोजच्याच जीन्समध्ये असतील, कुणी फार तर नारिंगी टीशर्ट घालेल. इंडोनेशियाशी नातं असलेले एखादे सहकारी बाटिकचा शर्ट घालून येतील. त्यात जरीची पैठणी, ठुशी, नथ आणि गजरा असा लग्नाचा थाट केला, तर अवघडलेपण त्या थाटामुळे येईल, साडीमुळे नाही. साताऱ्या-सोलापुरात शाळेतल्या बाई किंवा बँकेतल्या मॅडम साडीतच आठ तास काम करतात, गाडी पकडतात, जिने चढतात. त्यांची कामाची साडी हे तुमचं माप. गळ्यात एखादी बारीक माळ, कानात कुड्या आणि टिकली, एवढं पुरे.

नऊवारी मला मनापासून आवडते, पण ती जवळजवळ सव्वाआठ मीटरची आणि काष्ट्याची असते. ऑफिसच्या अरुंद स्वच्छतागृहात ती सोडून पुन्हा नेसणं फार जिकिरीचं आहे. ही एकच अडचण दिवसभर पाणी न पिता बसायला लावते.

इरकल मूळची कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातल्या इळकलची, पण आपल्याकडे ती पिढ्यान्‌पिढ्या घरचीच आहे. अंगाला सुती आणि पदराला रेशीम असलेली घ्या. ते दोन धागे विणतानाच एकमेकांत अडकवून जोडतात आणि त्यातून लाल-पांढरा टोप पदर येतो. साडीचं अंग साधं, एका रंगाचं किंवा बारीक चौकड्यांचं असतं, त्यामुळे ती ऑफिसात भडक दिसत नाही, आणि पदरामुळे साधी वाटत नाही. साडी नवी असेल तर आधी मिठाच्या पाण्यात वेगळी धुऊन रंग जातो का पाहा. तिथल्या पावसाचा भरवसा नाही, आणि लाल रंग फिक्या कोटाच्या अस्तरावर उतरला तर निघत नाही.

आता थंडी. मे महिन्यातही सकाळी १० अंशांच्या आसपास असू शकतं. कोपरापर्यंत बाह्यांचं आणि कमरेपर्यंत येणारं, थोडं लांब खणाचं ब्लाउज शिवून घ्या किंवा कुणाकडून मागवा. पोट झाकलं जातं, गारठा लागत नाही आणि हात वर केला तरी सारखं पदर ओढायची वेळ येत नाही. अनेकींना नेमकं तिथेच अवघडायला होतं. ब्लाउज वेळेत मिळत नसेल तर अंगाबरोबर बसणारा काळा पूर्ण बाह्यांचा टॉप चालतो, इरकलवर तो फार छान दिसतो. परकर मात्र सुतीच हवा. सॅटिनच्या परकरावरून सुती साडी घसरते आणि दुपारी निऱ्या सैल पडतात. परकराच्या आत थर्मल लेगिंग घाला.

घरून साडी नेसून सायकलवर निघू नका. चाकाला जाळी असली तरी निऱ्या पॅडलपाशी आणि साखळीत जातात. ट्रेननं जात असाल तर नेसून जाता येईल, पण मी तरी ऑफिसात नेसेन. सायकलवाल्यांसाठी शॉवरची खोली असेल तर तिथे जागाही बरी मिळते. घरून थर्मल लेगिंग आणि ब्लाउज घालूनच निघा, वर लांब स्वेटर.

आदल्या रात्री एवढं करून ठेवा: पदराच्या पाच-सहा पट्ट्या घालून त्यावर इस्त्री फिरवा आणि वरच्या टोकाला कपड्याचा चिमटा लावा. मग त्या साडीची घडी घाला. सकाळी आधी बूट घाला, मग परकराची नाडी घट्ट बांधा आणि मग नेसा. बूट नंतर घातले तर उंची चुकते. बुटांसकट साडीचा काठ जमिनीपासून दोन-तीन सेंटीमीटर वर हवा, म्हणजे जिन्यावर पाय अडकत नाही. बिनटाचेचे घोट्यापर्यंतचे बूट साडीखाली उत्तम चालतात. कोल्हापुरी चप्पल बॅगेत ठेवायची असेल तर ठेवा, पण ओल्या फरशीवर ती घसरते आणि पाण्यानं कातडं खराब होतं. पिना तीनच: एक खांद्यावर, एक निऱ्यांना आतून परकराला, एक कमरेला मागच्या बाजूला. खांद्याची पिन ब्लाउजच्या शिवणीत घ्या, नाहीतर रेशमी पदर फाटतो.

हे सगळं कल्चर डेच्या आधी एका शनिवारी करून पाहा आणि त्याच साडीत घरी दोन तास लॅपटॉपवर काम करा. तीन गोष्टी लगेच कळतील. पदर मोकळा सोडला तर चाकांच्या खुर्चीखाली येतो आणि उठताना ओढला जातो, म्हणून बसण्याआधी तो पुढे घेऊन कमरेला खोचायचा. गळ्यातलं ओळखपत्र पदरात अडकतं, ते कमरेला क्लिपनं लावायचं. आणि खाली वाकल्यावर निऱ्या सुटत असतील तर दोष नेसण्याचा नसतो, नाडी सैल असते. प्रयोगशाळेत किंवा यंत्रांजवळ जायचं असेल तर त्या दिवशी साडी नकोच, तिथे सैल कपडा चालत नाही. मग खणाचा कुर्ता घाला.

कार्यक्रम दिवसभर आहे की फक्त दुपारचे दोन तास, हे आयोजकांना आधी विचारा. दोनच तास असेल तर जेवणाआधी नेसा. टीममधल्या एखाद्या जवळच्या व्यक्तीला आदल्या दिवशीच सांगून ठेवा: "उद्या मी साडी नेसणार आहे." एक माणूस जरी आधीपासून वाट पाहत असेल, तरी दारातून आत शिरतानाचा पहिला क्षण सोपा जातो. ऑफिसात सूरीनामी हिंदुस्तानी कुणी असतील तर त्यांनाही सांगा. त्यांचे पूर्वज १८७३ पासून भोजपुरी-अवधी मुलखातून मजूर म्हणून तेव्हा डच वसाहत असलेल्या सूरीनामला गेले. त्यांना साडी परकी वाटत नाही, आणि तुम्ही नेसणार म्हटल्यावर त्यांच्यापैकीही कुणी नेसून येऊ शकतं.

लोक विचारतीलच. बहुतेकांना इतिहास नको असतो, हातात धरून बघता येईल असं काहीतरी हवं असतं. पदराचं टोक पुढे करा, सूत संपून रेशीम सुरू होतं ती जोडाची रेघ बोटानं दाखवा आणि सांगा की हे हातमागावर विणलेलं सलग साडेपाच मीटरचं कापड आहे, कुठेही शिवलेलं नाही. इंजिनिअर असतील तर मग प्रश्न तुमच्यावरून निघून त्या जोडावर जातात.