'माणशी', 'स्निग्धांश' आणि नारळाचं 'दूध'

प्रश्न : अप्पम आणि भाज्यांच्या स्ट्यूची पाककृती मराठीत लिहितेय. 'मॅक्रोज पर सर्व्हिंग'ला काय म्हणू? 'प्रति वाढप पोषकघटक' कसंतरीच वाटतं. फॅटला 'चरबी' चालेल का?

'माणशी' लिहा. वाढप हे पंगतीतलं काम झालं, ते मोजायचं माप नव्हे. 'माणशी तीन अप्पम आणि त्यावर स्ट्यू' म्हटलं की कुणाला काही विचारावं लागत नाही. मॅक्रोजसाठी एकच शब्द शोधत बसू नका. 'पोषणमूल्य'मध्ये जीवनसत्त्वं, क्षारही येतात. त्यापेक्षा सरळ कर्बोदकं, प्रथिनं, स्निग्धांश अशी तिघांची नावं द्या. 'चरबी' मात्र नको, ती जनावराच्या अंगावरची. नारळात चरबी वाचून शाकाहारी माणूस दचकेल.

माझा खरा आक्षेप तुम्ही न विचारलेल्या शब्दाला आहे : नारळाचं 'दूध'. मल्याळममध्येही ते दूधच आहे. पहिलं दाट ते ओन्नाम पाल, दुसरं पातळ ते रण्डाम पाल. भाज्या पातळ दुधात शिजवतात आणि दाट दूध शेवटी घालून नुसतं गरम करतात, उकळलं की फुटतं. (स्ट्यूला तिकडे 'इष्टू' म्हणतात, शीर्षकात तोच शब्द शोभेल.) पण पोषणाच्या तक्त्याशेजारी 'दूध' वाचलं की प्रथिनं असतील असं वाटतं, आणि तिथेच फसगत होते. मालवणात शिरवाळ्यांबरोबर नारळाचा 'रस' खातात. तुम्हीही दाट रस, पातळ रस लिहा.

चौघांचा हिशोब करून बघू. २४० ग्रॅम तांदूळ, पिठात ६० ग्रॅम खोबरं आणि १० ग्रॅम साखर. स्ट्यूला बटाटा, गाजर, फरसबी, कांदा मिळून अर्धा किलो, चमचाभर (१३ ग्रॅम) खोबरेल आणि डब्यातला २०० मिलीलीटर दाट रस. डब्यावर १०० मिलीलीटरला १७ ग्रॅम स्निग्धांश छापलेला धरला, तर माणशी साधारण ६७ ग्रॅम कर्बोदकं, १७ ग्रॅम स्निग्धांश आणि जेमतेम ७-८ ग्रॅम प्रथिनं पडतात. उष्मांक ४५०च्या आसपास. त्या प्रथिनांतला मोठा वाटा तांदळाचा. सबंध २०० मिलीलीटर रसातून चौघांत मिळून तीनचार ग्रॅमच येतात, तेवढ्याच गाईच्या दुधात सहाच्या वर असतात.

रस घरी काढलात तर अख्ख्या खोबऱ्याचे आकडे धरू नका. पिळून उरलेल्या चोथ्यात बराच स्निग्धांश राहतो, तो टाकून दिलात तर माणशी आकडा फुगलेला निघेल. म्हणून साहित्यात 'एक नारळ' असं न लिहिता 'दाट रस, इतके मिलीलीटर' असं लिहा, आणि तक्त्याच्या आकड्यांआधी 'अंदाजे' घाला.