परस्परसंमतीने घटस्फोट: सहा महिने थांबावेच लागते का?

प्रश्न: आम्ही दोघेही राजी आहोत, तरी सहा महिने थांबावेच लागेल का? आणि कागदपत्रे कोणती लागतील?

उत्तर: हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ब नुसार अर्जापूर्वी किमान एक वर्ष विभक्त राहिलेले असावे लागते, एकाच घरात राहूनही पती-पत्नीचे नाते संपले असेल, तर तेही विभक्त राहणेच ठरते. अर्ज दाखल केल्यानंतरचा सहा महिन्यांचा कालावधी न्यायालय माफ करू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले. समजा, तुम्ही जानेवारी २०२४ पासून वेगळे आहात आणि ऑगस्ट २०२५ मध्ये अर्ज केला, तर एक वर्ष अधिक सहा महिने असे दीड वर्ष आधीच उलटलेले असल्याने, समेटाचे प्रयत्न फसले असतील आणि पोटगी व मुलांचा ताबा ठरला असेल, तर पहिल्या टप्प्यानंतर, म्हणजे दोघांचा पहिला जबाब नोंदवल्यानंतर, आठवड्याभराने माफीचा अर्ज करता येतो. तो मंजूर करणे मात्र न्यायाधीशांच्या अखत्यारीत असते.

दोघांची ओळखपत्रे, पत्त्याचे पुरावे, छायाचित्रे, विवाह नोंदणीचा दाखला (तो नसल्यास लग्नपत्रिका व लग्नातला फोटो) आणि प्रतिज्ञापत्रे लागतात. खरी मेहनत संमतीच्या अटींवर घ्यावी. ‘पत्नीला योग्य रक्कम देण्यात येईल’ असे मोघम वाक्य पुढे वादाचे मूळ ठरते. रक्कम, हप्त्यांच्या तारखा, स्त्रीधनाची यादी आणि परस्परांवरील खटले कधी मागे घ्यायचे, हे नेमके लिहावे. हुकूमनामा होईपर्यंत कोणीही एकजण संमती मागे घेऊ शकतो, म्हणून संपूर्ण रक्कम पहिल्याच तारखेला देऊन टाकण्यापेक्षा निम्मी अंतिम जबाबाच्या दिवशी देण्याची अट मला अधिक सुरक्षित वाटते.