रेसच्या आदल्या आठवड्यात किती पळायचं?

“पुढच्या रविवारी साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन आहे. सगळे म्हणतात, शेवटच्या आठवड्यात कमी पळ. गेल्या वर्षी मी कमी पळाले आणि परतीच्या उतारावर मांड्याच गेल्या. या वेळी उद्या अठरा किलोमीटर आणि गुरुवारी एकदा यवतेश्वरचा घाट असं पळून घेऊ का? एवढे महिने केलेली मेहनत आठवड्याभरात वाया जाईल अशी धास्ती वाटते.”

हा प्रश्न रेसच्या आठ दिवस आधी, शनिवारी आला. विचारणाऱ्या ताई अडतीस वर्षांच्या, साताऱ्यातच राहणाऱ्या, नोकरी सांभाळून आठवड्यातून पाच दिवस पळणाऱ्या. सल्ला देण्याआधी त्यांच्याकडून दोन गोष्टी मागवल्या: गेल्या चार आठवड्यांचं पळणं आणि गेल्या वर्षीच्या रेसच्या आठवड्याची घड्याळातली नोंद.

गेल्या वर्षीची नोंद पाहिल्यावर मांड्या का गेल्या ते लगेच कळलं. सोमवार ते गुरुवार त्या अजिबात पळाल्या नव्हत्या. चार दिवसांनी पाय जड वाटू लागले, मन घाबरलं, आणि शुक्रवारी सकाळी त्यांनी दहा किलोमीटर पळून टाकले, तेही घाट चढून आणि उतरून. म्हणजे आधी पूर्ण विश्रांती आणि रेसच्या दोन दिवस आधी सगळ्यात जड व्यायाम. कमी पळण्याला दोष द्यावा असं त्यात काही नव्हतं. नडला तो शुक्रवारचा उतार.

हे नीट समजून घ्यायला हवं, कारण साताऱ्याची रेस अर्धी चढाची आणि अर्धी उताराची आहे. चढताना दम लागतो, पण स्नायूंना खरी इजा होते ती उतरताना. उतारावर प्रत्येक पावलाला मांडीचे पुढचे स्नायू गाडीच्या ब्रेकसारखे काम करतात. ते ताणले जात असतानाच जोर लावतात आणि त्यात त्यांच्या तंतूंना बारीक इजा होते. ही इजा त्या दिवशी फारशी जाणवत नाही. दुखणं वाढत जातं आणि चोवीस ते बहात्तर तासांच्या दरम्यान सगळ्यात जास्त होतं. शुक्रवारी सकाळी उतरलात तर रविवारी सकाळी बरोबर अठ्ठेचाळीस तास होतात. स्नायूंची ताकदही या काळात उतरलेली असते, त्यामुळे दुखलं नाही तरी ब्रेक लागत नाही.

याची दुसरी बाजूही आहे. उतारावर एकदा पळून स्नायू सावरले की पुढच्या उताराला ते कमी दुखतात, आणि हे संरक्षण काही आठवडे टिकतं. म्हणून घाटाचा सराव लागतोच, पण शेवटचा जोरदार उतार रेसच्या दहा ते चौदा दिवस आधी उरकलेला असावा. ताईंनी मागच्याच रविवारी घाट चढून उतरला होता, म्हणजे रेसच्या बरोबर चौदा दिवस आधी. त्यांची उताराची तयारी झालेली होती. गुरुवारच्या घाटातून त्यांना फक्त दुखणं मिळालं असतं.

मेहनत वाया जाण्याची धास्ती मात्र खोटी म्हणून झटकून टाकता येत नाही. पळणं पूर्ण थांबवलं तर काही दिवसांतच रक्ताचा द्रव भाग, म्हणजे प्लाझ्मा, घटू लागतो आणि त्याच वेगाला हृदयाचे ठोके जास्त पडतात. फक्त उपाय जास्त किलोमीटर हा नव्हे. १९८० च्या दशकात शिकागोत रॉबर्ट हिक्सन यांनी केलेल्या प्रयोगांत दिसलं, की व्यायामाचा वेळ दोन तृतीयांशाने कमी केला तरी तीव्रता तशीच ठेवल्यास कमावलेली ऑक्सिजन वापरण्याची क्षमता कित्येक आठवडे टिकते. तीव्रता कमी केली तर मात्र ती घसरते.

आठवडाभराच्या टेपरवर, म्हणजे रेसआधी पळणं कमी करत नेण्यावर, कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात झालेला आणि १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग तर थेट याच प्रश्नावरचा आहे. मध्यम पल्ल्याच्या कसलेल्या धावपटूंनी तीन प्रकारचे आठवडे करून पाहिले: पूर्ण विश्रांतीचा, सावकाश पळण्याचा, आणि अगदी थोड्या पण वेगवान पळण्याचा. तिसऱ्या प्रकारात पहिल्या दिवशी पाचशे मीटरच्या पाच फेऱ्या आणि मग रोज कमी करत शेवटी एकच. ठरावीक वेगाला किती वेळ तग धरता येतो हे मोजलं तेव्हा या तिसऱ्या प्रकारात २२ टक्के वाढ झाली, सावकाश पळण्याने ६ टक्के, आणि पूर्ण विश्रांतीने काहीच फायदा झाला नाही. तग धरण्याचा वेळ म्हणजे रेसची वेळ नव्हे, हे लक्षात ठेवायला हवं. रेसच्या वेळेत टेपरमुळे सरासरी दोन-तीन टक्क्यांचा फरक पडतो. अडीच तासांच्या रेसमध्ये तो तीन ते साडेचार मिनिटांचा झाला.

ताईंचा नेहमीचा आठवडा बेचाळीस किलोमीटरचा होता. मंगळवारी आठ, त्यात रेसच्या वेगाने तीन-तीन मिनिटांचे सात टप्पे. बुधवारी सहा सावकाश. गुरुवारी आठ, चढावर. शनिवारी पाच सावकाश आणि रविवारी पंधराचा लाँग रन. याखेरीज दर सोमवारी वजन घेऊन स्क्वॉट आणि लंजेस.

इथे हिशेबाची एक गफलत फार जणांकडून होते. चाळीस ते साठ टक्के कपात करा असं सांगितलं की लोक रविवारचा लाँग रन वजा करतात आणि कपात झाली असं समजतात. पण त्या रविवारी तर रेसच आहे. म्हणून रेसचा दिवस बाजूला ठेवून सोमवार ते शनिवार या सहा दिवसांची तुलना नेहमीच्या सहा दिवसांशीच करावी. ताईंचे ते सहा दिवस सत्तावीस किलोमीटरचे होते. ते सोळावर आणले. कपात साधारण चाळीस टक्क्यांची, आणि पळण्याचे दिवस मात्र चारचे चारच. दिवस फार कमी केले की पाय पळण्याची लय विसरल्यासारखे वागतात, म्हणून कपात प्रत्येक दिवसाच्या लांबीत करायची.

दुसऱ्या दिवशीच्या रविवारचे अठरा रद्द केले आणि अकरा सावकाश ठेवले. घाटाची फारच ओढ असेल तर चढून जा, पण खाली स्कूटरवर बसून या, असं सांगितलं. त्यांनी खरोखर तसंच केलं. यजमान वर स्कूटर घेऊन थांबले.

सोमवारी सुट्टी, स्क्वॉट-लंजेससुद्धा नाहीत, कारण वजनाच्या व्यायामाने येणारं दुखणंही उतारासारखंच असतं. मंगळवारी सहा किलोमीटर: दोन सावकाश, मग तीन-तीन मिनिटांचे चारच टप्पे, मध्ये दोन मिनिटं हळू पळणं, उरलेलं सावकाश. वेग नेहमीचाच. हा मुद्दा दोनदा बजावला, कारण ताजे पाय घेऊन माणूस पहिल्याच टप्प्यात वेग वाढवतो आणि टेपरमधला व्यायाम परीक्षा होऊन बसतो. चौथा टप्पा संपल्यावर “अजून दोन सहज झाले असते” असं वाटलं तर दिवस बरोबर गेला. बुधवारी चार सावकाश. गुरुवारी चार, त्यात सौम्य चढावर एक-एक मिनिटाचे चार टप्पे, रेसमध्ये घाट चढताना जेवढा जोर लावायचा तेवढ्याच जोराने, आणि प्रत्येक वेळी खाली चालत यायचं. शुक्रवारी सुट्टी. शनिवारी फक्त दोन, त्यात वीस-वीस सेकंदांचे चार मोकळे वेगवान टप्पे, म्हणजे स्ट्राइड्स. मध्ये पूर्ण दम घ्यायचा.

बुधवारी संध्याकाळी अपेक्षित होता तो निरोप आला. पाय सुजल्यासारखे जड, वजन जवळजवळ किलोभर वाढलेलं, डावा गुडघा मधूनच बोलतोय. वजनाचं कारण सरळ आहे. पळणं कमी झालं आणि जेवण तेवढंच राहिलं की स्नायूंत ग्लायकोजेनचा साठा भरतो, आणि प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी साठतं. हीच शिदोरी रविवारी लागणार असते. वजन वाढलं म्हणून घाबरून भात बंद करणं ही या आठवड्यातली सगळ्यात महागडी चूक. जेवण नेहमीचंच ठेवावं. शनिवारी मात्र भात, पोळी, बटाटा, केळी यांचा वाटा वाढवावा, आणि उसळी, कोशिंबिरी, तळलेलं यांना रजा द्यावी म्हणजे रेसच्या सकाळी पोट शांत राहतं.

जड वाटणं आणि खरोखर बिघडणं यांतला फरक ओळखायला ताईंना बुधवारच्या सावकाश पळण्याचे आकडे पाहायला सांगितले. वेग नेहमीचा आणि ठोकेही नेहमीचेच होते, म्हणजे जडपणा फक्त जाणवण्यापुरता होता. सकाळी उठल्या-उठल्या मोजलेले ठोके नेहमीपेक्षा सात-आठने जास्त असते आणि घसा खवखवत असता, तर गुरुवारचे टप्पे रद्द करून नुसतं चालायला सांगितलं असतं. गुडघ्याचंही तसंच. आज इथे, उद्या तिथे असं फिरणारं, पळू लागलं की विरणारं दुखणं या आठवड्यात सर्रास जाणवतं. एकाच जागी बोट ठेवता येतं, पळताना वाढतं, पाऊल वाकडं पडतं असं दुखणं असेल तर फिजिओथेरपिस्टला दाखवूनच रेस ठरवावी. ताईंचा गुडघा गुरुवारी पहिल्या किलोमीटरनंतर गप्प झाला.

झोपेबद्दल त्यांना शुक्रवारची रात्र सांभाळायला सांगितली. शनिवारी रात्री पहाटेच्या गजराच्या धास्तीने झोप अर्धवटच होते, आणि आधीच्या रात्री नीट झाल्या असतील तर त्या एका रात्रीने पळण्यावर फारसा परिणाम होत नाही.

रविवारी त्या दोन तास चौतीस मिनिटांत आल्या, गेल्या वर्षीपेक्षा सात मिनिटं लवकर. सगळं श्रेय टेपरला देता येणार नाही, या वर्षी सराव जास्त होता आणि सकाळ थंड होती. पण उतारावरची शेवटची पाच किलोमीटर पाहा: गेल्या वर्षी तिथे प्रत्येक किलोमीटरला वेग पडत गेला होता आणि त्या दोनदा थांबल्या होत्या, या वर्षी पाचही जवळजवळ सारखी गेली. हा फरक शुक्रवारच्या न पळलेल्या घाटाचा आहे.

हे आकडे जसेच्या तसे उचलू नयेत. आठवड्याला वीसच किलोमीटर पळणाऱ्याला चाळीस टक्के कपातीची गरज नसते, पाव भाग कमी केला तरी पुरतं. पूर्ण मॅरेथॉनला एक आठवडा अपुरा, तिथे दोन ते तीन आठवडे उतरत जावं लागतं. आणि आजारपणात सराव बुडाला असेल तर तो या आठवड्यात भरून काढता येत नाही, कारण आज केलेल्या जड व्यायामाचा फायदा दिसायला दहाएक दिवस लागतात आणि थकवा मात्र उद्याच येतो. अशा वेळी टेपर हाच ठेवावा, आणि रेसचा वेग पहिल्या पाच किलोमीटरना किलोमीटरमागे दहा-पंधरा सेकंदांनी मंद धरावा.