एबीजीत सीओटू ‘नॉर्मल’ आला, तरी आधी पेशंटकडे बघा

प्रश्न: पीएच कमी, बायकार्ब कमी, पण सीओटू ३६ म्हणजे नॉर्मल. मग नुसतं मेटाबॉलिक अ‍ॅसिडोसिस लिहायचं ना?

नाही. या रिपोर्टमध्ये तो ३६ च सगळ्यात काळजीचा आकडा आहे.

सीओटूची ३५ ते ४५ ही रेंज निरोगी माणसाची. बायकार्ब घसरला की शरीर जोरजोरात श्वास घेऊन सीओटू बाहेर टाकतं, म्हणजे तोही खाली यायलाच हवा. किती खाली, ते काढता येतं: बायकार्बची दीडपट करा, त्यात ८ मिळवा. उत्तराच्या २ मागेपुढे चालतं. हा हिशेब फक्त मेटाबॉलिक अ‍ॅसिडोसिसचा, बाकी ठिकाणी लावू नका. आजार सुरू होऊन थोडेच तास झाले असतील तर सीओटू अजून तितका उतरलेला नसतो, हेही धरा.

आमच्या आयसीयूत डीकेएची एक पेशंट होती. आल्यावर पीएच ७.२६, सीओटू २३, बायकार्ब १०. दहाची दीडपट १५, अधिक ८, झाले २३. म्हणजे फुप्फुसं आपलं काम चोख करत होती. श्वास मिनिटाला ३४, इतका खोल की अंगावरची चादर वरखाली होताना दारातूनही दिसायची.

काही तासांनी ती शांत झाली. नातेवाईक म्हणाले, “सिस्टर, आता जरा डोळा लागलाय.” मी श्वास मोजले, १६ भरले. हाक मारली तर नुसतं कण्हली. लगेच डॉक्टरांना बोलावलं आणि एबीजी पाठवला: पीएच ७.०६, सीओटू ३६, बायकार्ब तोच १०. हवा होता २१ ते २५ च्या आत, आला ३६. श्वासाचे स्नायू थकले होते. बायकार्ब जराही न हलता पीएच एवढा कोसळला, तो केवळ सीओटू चढल्यामुळे. म्हणून निदान लिहायचं ते मेटाबॉलिक अ‍ॅसिडोसिस आणि त्यावर रेस्पिरेटरी अ‍ॅसिडोसिस.

तिला व्हेंटिलेटर लागला. डॉक्टरांनी रेट मुद्दाम जास्त ठेवला. अशा पेशंटला १२-१४ वर ठेवलं तर सीओटू आणखी साचून पीएच अजून पडतो. त्या शिफ्टला तुम्ही असाल तर रेटचा आकडा हँडओव्हरमध्ये तोंडी सांगा.

आकडा पेशंटशी जुळत नसेल तर सॅम्पलही तपासा. सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर सीओटू खोटा कमी दिसतो. सॅम्पल बराच वेळ तसंच पडून राहिलं तर रक्तातल्या पेशी काम करतच राहतात आणि तो खोटा वाढतो. पण श्वास मंदावलाय आणि पेशंट गुंगीत आहे, अशा वेळी दुसऱ्या सॅम्पलची वाट बघत थांबू नका. डॉक्टरांना फोन आधी.