सीओपीडी असलेल्या माणसाने फ्लूची आणि न्यूमोनियाची लस केव्हा घ्यावी?

प्रश्न: बाबांना सीओपीडी आहे, वय 63, साताऱ्यात असतात. 2023 च्या दिवाळीच्या सुमारास न्यूमोनियाची लस दिली होती, फ्लूची गेल्या ऑक्टोबरात दिली. आता एप्रिल चालू आहे आणि नवे डॉक्टर दोन्ही परत घ्या म्हणतात. खरंच गरज आहे का? एकदम घेतल्या तर झेपतील का?

उत्तर:

फ्लूची गरज आहेच, न्यूमोनियाची मात्र 2023 मध्ये कोणती दिली होती त्यावर ठरेल, आणि दोन्ही एकाच दिवशी घेतल्या तरी झेपतात. एक डाव्या दंडात, एक उजव्या. मी छातीच्या आजारांचा डॉक्टर आहे आणि माझ्याकडे वर्षभर हे चालूच असतं. पण इंजेक्शन घ्यायला निघण्याआधी घरातली 2023 ची फाईल काढा. बहुतेक वेळा लसीच्या शीशीवरचं चिकटपत्र कागदावर लावलेलं असतं, नाहीतर औषधांच्या दुकानाचं बिल तरी असतं. त्यावर 23 लिहिलंय, 13 की 20, एवढंच बघायचं. ‘न्यूमोनियाची लस’ या एका नावाखाली दोन वेगळ्या जातींच्या लसी येतात आणि पुढचं सगळं गणित त्या आकड्यावर ठरतं.

हा आकडा म्हणजे न्यूमोकोकस या जंतूच्या किती प्रकारांवर ती लस चालते तो. या जंतूभोवती साखरेच्या रेणूंचं एक कवच असतं. 23 च्या लसीत नुसती ती कवचं असतात. शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं, पण ती आठवण धरून ठेवणाऱ्या पेशी फारशा तयार होत नाहीत, त्यामुळे काही वर्षांत संरक्षण ओसरतं. 13 आणि 20 च्या लसीत तेच कवच एका प्रथिनाला जोडलेलं असतं. त्यामुळे शरीर ते नीट ‘शिकतं’ आणि लक्षात ठेवतं. म्हणून आधी जोडलेली लस आणि नंतर 23, हा क्रम बरा. उलटं झालं, म्हणजे 23 आधी दिली गेली, तर त्यानंतर लगेच दिलेल्या जोडलेल्या लसीला शरीर कमी प्रतिसाद देतं. म्हणून मध्ये किमान एक वर्ष जाऊ द्यायचं.

समजा, बाबांच्या कागदावर 23 निघालं. नोव्हेंबर 2023 पासून एक वर्ष कधीच उलटून गेलंय, तेव्हा जोडलेली लस आता केव्हाही देता येईल. 20 ची मिळाली तर ती एक घेतली की न्यूमोकोकसचं काम संपलं. पुढे 23 परत घ्यायची नाही. 20 ची मिळाली नाही आणि 13 ची घेतली, तर 23 चा आणखी एक डोस लागेल. त्याला तीन अटी आहेत: वय 65 झालेलं असावं, पहिल्या 23 ला पाच वर्षं झालेली असावीत, आणि 13 ला किमान एक वर्ष. तुमच्या बाबांच्या बाबतीत या तिन्ही नोव्हेंबर 2028 मध्ये जुळतात. आत्ताच फाईलच्या पहिल्या पानावर तसं लिहून ठेवा. कागदावर 13 निघालं, तर आता एक 20 ची पुरते, किंवा 23 देता येते. 20 च निघालं, तर न्यूमोनियाच्या बाबतीत काहीच करायचं नाही.

एक अपवाद. बाबा रोज 20 मिलिग्रॅम किंवा जास्त प्रेडनिसोलोनच्या गोळ्या दोन आठवड्यांहून अधिक घेत असतील, तर प्रतिकारशक्ती दबलेली धरतात आणि 13 नंतर 23 साठी वर्षाऐवजी आठ आठवडेच थांबतात. पंपातलं स्टिरॉइड यात धरायचं नाही. ते मोजून बरेच लोक उगाच घाबरतात.

आता फ्लू. हिची गोष्ट वेगळी, कारण विषाणू बदलत राहतो. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लसीतले प्रकार ठरवते: फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी, सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी. आपण नकाशावर उत्तरेत, पण महाराष्ट्रात फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात येते, साधारण जुलै ते सप्टेंबर. म्हणून आपल्याकडे दक्षिण गोलार्धाची नवी लस एप्रिल-मेमध्ये येते तेव्हाच ती घेणं सोयीचं. अंगात संरक्षण तयार व्हायला दोन आठवडे लागतात आणि सहाएक महिन्यांत ते उतरू लागतं. ऑक्टोबरची लस घेऊन तुमचे बाबा जुलैत पोचतील तेव्हा नऊ महिने झालेले असतील, ऐन गरजेच्या वेळी जोर कमी. म्हणून अशा रुग्णांना मी मे महिन्यात परत देतो आणि तिथून दरवर्षी मे हाच महिना धरतो. दोन डोसांत चार आठवड्यांहून जास्त अंतर आहे, त्यामुळे काही बिघडत नाही. (काश्मीरमध्ये लाट हिवाळ्यात येते, तिथल्या माणसाला ऑक्टोबरच योग्य. बाबा हिवाळ्यात कोणाकडे अमेरिकेला राहायला जाणार असतील, तरी वेगळा विचार करावा लागेल.)

इथे एक फसगत होते. मे महिन्यात दुकानदाराच्या फ्रीजमध्ये गेल्या वर्षीची उत्तर गोलार्धाची उरलेली लस असू शकते, मुदत संपायला महिनाभर बाकी असलेली. खोक्यावर गोलार्ध आणि वर्ष छापलेलं असतं. 2026 आणि दक्षिण गोलार्ध असेल तीच घ्या. मे चुकला तर जून, जुलैतही घ्या. उशिरा घेतलेली न घेतलेल्यापेक्षा बरी.

दोन्ही का, तर फ्लू श्वासनलिकेचं आतलं अस्तर सोलून काढतो, कफ वर ढकलणारे केस निकामी होतात, आणि घशात आधीपासून बसलेला न्यूमोकोकस खाली उतरतो. सीओपीडीत ती झाडलोट मुळातच अर्धवट असते.

इंजेक्शनच्या दिवशी बाबांना ताप असेल किंवा धाप नेहमीपेक्षा वाढली असेल, तर थांबा आणि बरं वाटलं की जा. साधी सर्दी किंवा नुकताच संपलेला गोळ्यांचा कोर्स अडथळा नाही. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा. बारीक सुई वापरतात आणि दोन मिनिटं न चोळता दाबून धरायला सांगतात.

नंतर दंड दुखेल, एखादा दिवस अंग कसकसेल. पण चौथ्या दिवशी बेडका हिरवा झाला आणि धाप वाढली, तर ते लसीमुळे नाही. माझ्याकडच्या एका आजोबांनी असंच झाल्यावर पुढची दोन वर्षं लस घेतली नाही. त्या आठवड्यात त्यांचा नातू सर्दीने फणफणलेला होता आणि रात्री त्यांच्याच कुशीत झोपत होता. लसीतला विषाणू मेलेला असतो, त्याने फ्लू होत नाही. शिवाय पहिले दोन आठवडे तिचं संरक्षणही पूर्ण नसतं, आणि फ्लू सोडून बाकीच्या सर्दीच्या विषाणूंवर ती चालतच नाही. तेव्हा असं झालं तर लसीला दोष देत घरी बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

लस दुकानातून घेऊन दवाखान्यात न्यायची असेल तर थंड पिशवीत न्या, पण बर्फाला थेट टेकू देऊ नका. दोन ते आठ अंशांत राहायला हवी, गोठली की ती वाया गेली, मग वरून कितीही चांगली दिसो.